आईचा ईसीजी ११२, बाबांचा ५२: सायनस टॅकिकार्डिया आणि ब्रॅडिकार्डियाचं काय करायचं

प्रश्न: आईबाबांचं रूटीन चेकअप केलं. आईच्या (वय ५१) ईसीजीवर सायनस टॅकिकार्डिया, रेट ११२ असं आलंय आणि बाबांच्या (वय ६७) ईसीजीवर सायनस ब्रॅडिकार्डिया, रेट ५२. आईला जिना चढताना दम लागतो, पण ती म्हणते वयामुळे असेल. बाबांना काहीच त्रास नाही, बीपीची मेटोप्रोलॉल ५० चालू आहे. मामा म्हणतात बाबांना पेसमेकर लागेल. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो, घरात सगळे टेन्शनमध्ये आहेत. घाबरायचं का, आणि आधी कोणाला दाखवायचं?

उत्तर:

आधी आईला दाखवा. बाबांचं या आठवड्यात निवांत बघता येईल. नातेवाइकांचं लक्ष नेहमी कमी आकड्याकडेच जातं, ठोके कमी म्हणजे हार्ट बंद पडायला आलं असं वाटतं, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात खरी तक्रार एकाच माणसाला आहे आणि ती आईला. दम लागतोय आणि सोबत रेट ११२ आहे, हे दोन्ही मिळून बघायचं असतं.

आता रिपोर्टवरचे ते शब्द. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, वरची मोठी शीर जिथे येऊन मिळते तिथे, पेशींचा एक छोटा पुंजका असतो, सायनस नोड म्हणतात त्याला. १९०७ मध्ये कीथ आणि फ्लॅक या दोघांनी तो दाखवून दिला. प्रत्येक ठोक्याची सुरुवात तिथून व्हायला पाहिजे आणि रिपोर्टवर सायनस लिहिलंय म्हणजे मशीनच्या मते ती तिथूनच होतेय (नाकाच्या सायनसशी याचा काही संबंध नाही, ओपीडीत हे रोज विचारतात म्हणून सांगून ठेवतो). म्हणजे जागा बरोबर आहे, फक्त वेग नेहमीपेक्षा जास्त किंवा कमी आहे. १०० च्या वर गेला की मशीन टॅकिकार्डिया छापतं, ६० च्या खाली गेला की ब्रॅडिकार्डिया. बस एवढंच. १०१ आला तरी छापणार आणि ५९ आला तरी छापणार, मशीनला माणसाचं वय, गोळ्या, ताप, घाई काही माहीत नसतं. आणि तो कागद फक्त १० सेकंदांचा असतो हेही लक्षात ठेवा.

सायनस नोडला एकट्याला सोडलं, म्हणजे नसांचा काही कंट्रोलच ठेवला नाही, तर तरुण माणसात तो आपल्या मनाने १०० च्या आसपास चालतो. आपण शांत बसलो असताना ७०-७५ दिसतं ते व्हेगस नावाच्या नसेमुळे, तिने स्कूटरच्या ब्रेकसारखं त्याला हलकं दाबून धरलेलं असतं. माणूस घाबरला, उठला, चालला की आधी ही नस ढिली सोडते आणि मग ॲड्रिनॅलिन वर चढतं. म्हणूनच सायनस टॅकिकार्डिया हा स्वतः आजार नसतो, शरीरात दुसरीकडे काहीतरी चाललंय आणि हृदय त्याला साथ देतंय. ते दुसरीकडचं काय आहे ते शोधायचं, आकडा खाली आणायच्या मागे लागायचं नाही. माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्याभोवती आहे, कारण इथे गडबड झालेली मी खूपदा बघितली आहे.

एक पेशंट सांगतो. बाई चाळिशीच्या पुढच्या, दिघोरीकडच्या, ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील थोडे बदलतोय. कुठेतरी चेकअपमध्ये ईसीजी झाला, रेट ११४, सायनस टॅकिकार्डिया. तिथे त्यांना सांगितलं धडधड आहे, टेन्शन घेता तुम्ही, आणि नाडी हळू करणारी प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी सुरू करून दिली. पंधरा दिवसांत नाडी ८० वर आली, सगळ्यांना बरं वाटलं, बाईंना सोडून. आधी त्या दुसऱ्या मजल्यावर चढताना थांबायच्या, आता पहिल्याच मजल्यावर थांबायला लागल्या, उठलं की चक्कर. माझ्याकडे आल्या तेव्हा मी खालची पापणी ओढून बघितली तर आतला भाग पांढराफटक, तळहाताच्या रेषाही फिक्या. हिमोग्लोबिन निघालं ७.१. नॉर्मल बाईमध्ये १२ पाहिजे.

आता हिशेब बघा. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारा माल जवळजवळ निम्म्यावर आलाय, तर शरीराकडे उपाय एकच, तेच रक्त जास्त वेळा फिरवायचं. ११४ हा त्या शरीराने स्वतः काढलेला मार्ग होता. आपण गोळी देऊन तो मार्गच अडवला, म्हणून कागदावर नाडी सुंदर आणि बाई आधीपेक्षा वाईट. गोळी कमी करत बंद केली, नाडी परत १०५ च्या पुढे गेली, घरच्यांना भीती वाटली पण दम थोडा कमीच झाला.

मग कारण. त्यांच्या पेशींचा आकार, सीबीसीमध्ये एमसीव्ही म्हणून असतो तो, ६६ होता, ८० च्या वर पाहिजे. एवढ्या छोट्या पेशी म्हणजे लोह कमी किंवा मग थॅलेसेमियासारखं काहीतरी. आपल्या विदर्भात सिकल सेल पण भरपूर आहे म्हणून अशा वेळी एचपीएलसी नावाची हिमोग्लोबिनची तपासणी मी करून घेतो, ती नॉर्मल आली. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तो ५ आला, संपल्यात जमा. आणि लोह गेलं कुठे हे विचारलं तेव्हा बाई संकोचून म्हणाल्या, पाळीत आठ-आठ दिवस जातं, गाठी पडतात, पण हे काय डॉक्टरला सांगायचं, सगळ्याच बायकांचं असतं ना. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ. सलाइनमधून लोह दिलं, गायनॅक मॅडमकडे पाठवलं. महिन्याभरात हिमोग्लोबिन ९.८ झालं आणि नाडी नव्वदीत, पुढे गाठीचा इलाज झाल्यावर हिमोग्लोबिन १२ ला टेकलं तेव्हा नाडी ७६. हृदयाची एकही गोळी चालू नव्हती.

तुमच्या आईचं हेच असेल असं मी म्हणत नाही. पण ५१ वय, म्हणजे पाळी जायच्या आसपास अनियमित आणि जास्त जाणं खूप कॉमन असतं, आणि दम लागतोय, तेव्हा माझ्या यादीत रक्त कमी असणं सगळ्यात वर आहे. तरी आधी एक साधी गोष्ट करा, कारण चेकअपच्या सेंटरमध्ये माणूस रात्रीपासून उपाशी असतो, लिफ्ट बंद म्हणून जिना चढून आलेला असतो, अनोळखी टेबलवर छाती उघडी करून झोपवतात, थंडगार जेल आणि क्लिपा लावतात, अशात ११२ यायला आजार लागत नाही. घरी तीन दिवस सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, पलंगावरच नाडी मोजा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद, १५ सेकंद मोजून चारने गुणू नका. मग दुपारी एकदा, दहा मिनिटं शांत बसवून. ऑक्सिमीटर असेल घरात कोविडच्या वेळचा तर तोही चालतो, पण हात थंड किंवा हलत असला की तो भलतेच आकडे दाखवतो म्हणून बोटाने एकदा पडताळा.

सकाळी ७०-८० येत असेल तर त्या दिवशीचं ११२ हे घाई, उपाशीपोट आणि भीतीचं होतं असं मी धरीन. तसं असलं तरी दमाचं बघावंच लागेल, तो नाडीमुळे नाही तर स्वतःच एक तक्रार आहे. आणि झोपेतून उठल्या उठल्याही ९५-१०० च्या वर असेल तर मात्र भीतीचं कारण पुढे करता येत नाही. मन शांत असतानाही नाडी पळतेय याचा अर्थ शरीरातच काहीतरी आहे. रक्त कमी असणं आणि थायरॉइड जास्त असणं, ही दोन कारणं या वयाच्या बायकांत मला सगळ्यात जास्त सापडतात. थायरॉइडवाल्यांचं वजन भूक चांगली असूनही उतरतं, हात पुढे धरले की बोटं थरथरतात, आणि गरमी अजिबात सहन होत नाही. यात नागपूरचा घोळ असा की मे महिन्यात ४५ डिग्रीत गरमी कोणालाच सहन होत नाही त्यामुळे हे लक्षण महिनोन्‌महिने उन्हाळ्यावर ढकललं जातं. डिसेंबरच्या थंडीत बाकी सगळे स्वेटरमध्ये असताना एकट्या आईला पंखा लागत असेल तर तेव्हा तरी कान टवकारा.

म्हणून सीबीसी आणि टीएसएच, एवढ्या दोन तपासण्या आधी. दोन्ही साध्या आहेत, त्यातली सीबीसी तुमच्या चेकअपच्या पॅकेजमध्ये झालीही असेल, फाइल उलटून बघा, बरेचदा हिमोग्लोबिन त्याच फाइलमध्ये ८ लिहिलेलं असतं आणि सगळे ईसीजीचं पान धरून बसलेले असतात. याशिवाय आई काय घेते ते लिहून काढा. दम्याचा सॅल्बुटामॉलचा पंप, सर्दीच्या गोळ्या ज्यात स्यूडोएफेड्रिन असतं, थायरॉइडची गोळी जास्त डोसची, तंबाखू किंवा खर्रा (बायकाही खातात आणि सांगत नाहीत, रागावू नका, फक्त विचारा), हे सगळं नाडी वाढवतं. ताप असेल तर साधारण एका डिग्री सेल्सिअसला दहा ठोके वाढतात, ते तर लगेच कळतं. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तरी नाडी वाढते, विशेष करून उभं राहिल्यावर. आणि दोन्ही तपासण्या नॉर्मल आल्या तरी दम राहिला तर पुढची पायरी इको, हृदयाची पंपिंग आणि झडपा बघायला, कारण हृदय कमजोर झालं तरीही ते जास्त वेळा मारून भरपाई करतं.

एक गोष्ट डॉक्टरने कागदावर स्वतः बघायची असते, तुम्ही फक्त विचारा की पी वेव्ह बघितली का. प्रत्येक ठोक्याच्या आधी एक छोटी गोल टेकडी असते ती पी, सायनस असेल तर कागदावर लीड दोन लिहिलेल्या पट्टीत ती वर असते आणि एव्हीआर लिहिलेल्या पट्टीत खाली. मशीन कधी कधी चुकतं. एक ठरलेला प्रकार म्हणजे एट्रियल फ्लटर, त्यात वरचा कप्पा ३०० च्या आसपास फडफडतो आणि दोनातला एकच ठोका खाली येतो, म्हणून रेट १५० च्या जवळ येतो आणि मशीन बेधडक सायनस टॅकिकार्डिया छापून मोकळं होतं. ओळखायची खूण साधी आहे, खरा सायनस रेट हलत राहतो, झोपवलं की ११२ चा १०४ होतो, बोलायला लागलं की ११०, तर फ्लटरचा आकडा १५० ला खिळल्यासारखा असतो, अर्धा तास झोपवा नाहीतर उठवा. तुमच्या आईचा ११२ आहे म्हणून हे कमी शक्यतेचं वाटतं मला, तरी पान बघितल्याशिवाय शंभर टक्के बोलू नये. दुसरा प्रकार, ठोक्याच्या उंच टोकानंतर येणारी टेकडी म्हणजे टी वेव्ह, ती उंच असली की मशीन तिलाही ठोका समजतं आणि रेट दुप्पट छापतं. रेट तुम्ही स्वतः पडताळू शकता, कागद सेकंदाला २५ मिलिमीटर धावतो, दोन उंच टोकांमधले मोठे चौकोन मोजा आणि ३०० ला त्याने भागा. आईच्या कागदावर पावणेतीनच्या आत-बाहेर चौकोन असतील, बाबांच्या कागदावर पावणेसहा.

आता बाबा. मेटोप्रोलॉल ही गोळी सायनस नोडला हळू करण्याचंच काम करते, म्हणून ती घेणाऱ्या ६७ वर्षांच्या माणसात ५२ आणि तक्रार काही नाही, हे मला आश्चर्याचं वाटत नाही. पेसमेकर आकड्यावरून लावत नाहीत. सायनस नोड हळू चालतोय यासाठी पेसमेकर लावायचा अमुक रेट असा कुठल्या गाइडलाइनमध्ये ठरवलेलाच नाही, तिथे विचार असा करतात की पेशंटला चक्कर, डोळ्यासमोर अंधारी, बेशुद्धी, किंवा चालताना दमल्यासारखं होतं का आणि ते नेमकं ठोके कमी असतानाच होतं का. झोपेत तर चांगल्या धडधाकट माणसाचेही ठोके ४०-४५ वर जातात. मामांना हे जरूर सांगा.

पण बाबांचं तीन गोष्टींचं काम आहे. पहिलं, त्यांच्या डोळ्यात काही थेंब टाकायचे चालू आहेत का. काचबिंदूचं टिमोलॉल नावाचं थेंब हे मेटोप्रोलॉलच्याच कुटुंबातलं औषध आहे, आणि ते डोळ्यातून नळीवाटे नाकात उतरून तिथून सरळ रक्तात जातं, लिव्हरमध्ये थांबतच नाही. वयस्कर माणसाच्या गोळ्यांच्या यादीत डोळ्याचे थेंब कोणीच लिहित नाही, डोळ्याचा डॉक्टर वेगळा, बीपीचा वेगळा, दोघांना एकमेकांचं माहीत नसतं, आणि ६५ वाल्या माणसाची नाडी ४६ होऊन बसते. असे थेंब असतील तर बीपीच्या डॉक्टरला दाखवा, आणि तोवर थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा आतला कोपरा दोन मिनिटं हलका दाबून धरायला सांगा, रक्तात जाणारं प्रमाण बरंच कमी होतं. डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन, आयव्हाब्रॅडिन यातली कुठली गोळी सोबत असेल तर तेही दाखवा.

दुसरं, कागदावरचा पीआर इंटरव्हल, म्हणजे पी वेव्ह सुरू झाल्यापासून खालचा ठोका सुरू होईपर्यंतचा वेळ. तो मशीन वरच छापतं, १२० ते २०० मिलिसेकंद पाहिजे. २०० च्या वर असेल तर नोडच्या खालची वायरिंगही हळू आहे, मग ही गोळी चालू ठेवायची का याचा विचार डॉक्टर वेगळा करतात. यातही मशीनची एक चूक असते, दोन पी वेव्हमधली एकच खाली पोचत असेल आणि दुसरी टी वेव्हमध्ये लपली असेल तर मशीन त्याला सायनस ब्रॅडिकार्डिया म्हणतं, पण तो हार्ट ब्लॉक असतो, म्हणजे नळी नाही तर वरून खाली येणारा सिग्नल अडलेला, आणि त्याचा इलाज पूर्ण वेगळा. म्हणून फिजिशियनने एकदा पान डोळ्याने बघणं गरजेचं.

तिसरं, नाडी वाढते का. बाबांची बसल्या बसल्या नाडी मोजा, मग त्यांना दोन मजले जिना त्यांच्या चालीने चढायला लावा किंवा रोजचा अंबाझरीचा फेरफटका असेल तर तिथेच पाच-सात मिनिटं भरभर चालून झाल्यावर लगेच मोजा. ५२ चे ८०-९० होत असतील आणि त्यांना बरं वाटत असेल तर नोड मागणीप्रमाणे काम करतोय. गोळी चालू असल्यामुळे तरुणासारखे १३० होणार नाहीत, ते अपेक्षितच आहे. पण ५२ चे ५८ होऊन अडकत असतील आणि चालता चालता दमत असतील तर डॉक्टरला सांगा, डोस कमी करणं किंवा २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून दिवसभर ईसीजी नोंदवणारं छोटं मशीन, लावणं याचा विचार होईल. होल्टरमध्ये दिवसा जागेपणी तीन सेकंदांपेक्षा लांब गॅप दिसतात का आणि त्या वेळी बाबांना काही झालं होतं का, हे बघतात, म्हणून त्या दिवशी वेळेची नोंद करत राहायला लावा.

आणि कृपा करून गोळी घरच्या घरी बंद करू नका. मेटोप्रोलॉल एकदम सोडली की इतके महिने दाबून धरलेला जोर उसळी मारून येतो, बीपी आणि नाडी दोन्ही वर जातात आणि ज्यांच्या हृदयाच्या नळ्या आधीच अरुंद आहेत त्यांना छातीत दुखायला लागू शकतं, ॲटॅकही येऊ शकतो. कमी करायची तर एक-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने, डॉक्टरच्या सांगण्यावरून. बाबांना थकवा, बद्धकोष्ठता, थंडी जास्त वाजणं असं काही असेल तर त्यांचीही टीएसएच करून घ्या, थायरॉइड कमी असलं की ठोके हळू होतात. किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियम पण.

वाट न बघता जायचं कधी, तेही सांगतो. आईला बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं, एका पायाला अचानक सूज येऊन दम लागला, काळी डांबरासारखी संडास झाली, किंवा तापासोबत हातपाय थंड पडले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. बाबांची शुद्ध हरपली, क्षणभर का होईना, किंवा घाम फुटून छातीत-पोटाच्या वर दुखायला लागलं आणि नाडी ५० च्या खाली असेल तर १०८ ला फोन करा, रिक्षात घालून फिरू नका, कारण हृदयाच्या खालच्या भिंतीच्या ॲटॅकमध्ये ठोके असेच हळू होतात आणि घरचे ॲसिडिटी समजून बसतात.

फिजिशियनकडे जाताना दोन्ही ईसीजीचे मूळ कागद न्या, मोबाईलमधला फोटो नको, त्यात बारीक चौकोन आणि पी वेव्ह दिसत नाहीत. जुना ईसीजी घरात कुठे असेल, मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळचा वगैरे, तो शोधा. बाबांच्या पाच वर्षांपूर्वीच्या कागदावरही ५६ असेल तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. आईची तीन दिवसांची नाडी आणि सीबीसी, टीएसएच आले की आकडे इथे टाका, बघून सांगतो.